अक्षतांचं एक मिनिट

मावसबहिणीच्या लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ एका फाइलमध्ये होता. तो सकाळी पेनड्राइव्हवर टाकून द्यायचा होता, पण फाइल इतकी मोठी की आधी एच.२६५ मध्ये बदलून लहान करणं भाग होतं. रात्रीचे साडेदहा वाजले होते. काम सकाळपर्यंत होईल का, हे आधी कळायला हवं होतं.

त्यासाठी एक मिनिटाचा तुकडा बदलून पाहायचा. सेटिंग मात्र खऱ्या कामासाठी ठरवलेलीच ठेवायची.

```
ffmpeg -ss 00:40:00 -t 60 -i lagna.mp4 -c:v libx265 -crf 24 -preset medium -c:a aac test.mp4
```

यात चाळिसाव्या मिनिटापासून साठ सेकंद घेतली आहेत. काम संपल्यावर शेवटच्या ओळीत `speed=0.667x` दिसलं, म्हणजे एका मिनिटाच्या चित्रणाला दीड मिनिट लागलं. १२० मिनिटांना १८०, तीन तास. झोपायला हरकत नाही.

पण चाळिसाव्या मिनिटाला स्टेजवर नवरा-नवरी उभे आणि समोर आहेर देणाऱ्यांची रांग. कॅमेरा स्टँडवर, मागचा पडदा जागचा हलत नाही. एन्कोडर प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमशी ताडून पाहतो आणि बदललं तेवढंच नोंदवतो. इथे बदलतंय फार थोडं. मंगलाष्टकांच्या वेळी मात्र शेकडो अक्षता हवेत, प्रत्येक दाण्याची वाट वेगळी, कॅमेराही हातात. तिथला तुकडा घेतला तर त्याला २ मिनिटं ४० सेकंद लागली. आणि कोणी अगदी सुरुवातीचं मिनिट घेतलं असतं, तर? तिथे काळ्या पडद्यावर गणपती आणि नावं. चाळीस सेकंदांत काम फत्ते आणि अंदाज एक तास वीस मिनिटांचा!

म्हणून फाइल भराभर पुढे सरकवत पाहिली. साधारण ८० मिनिटं शांत, ४० मिनिटं धावपळीची. शांत भागाला १२० मिनिटं, धावपळीच्या भागाला सुमारे १०७. बेरीज पावणेचार तासांच्या किंचित पुढे.

दहा सेकंदांचा तुकडा यासाठी पुरत नाही. पहिली फ्रेम लिहिण्याआधी एन्कोडर पुढच्या बऱ्याच फ्रेम गोळा करतो, त्यामुळे सुरुवातीचा हा वेळ लहान तुकड्यात फार मोठा दिसतो.

आणखी एक गोष्ट लॅपटॉपवालेच जाणतात. थंड लॅपटॉप पहिली काही मिनिटं जोरात पळतो, मग तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. हे ओळखायचं तर तोच एक मिनिटाचा तुकडा दहा-पंधरा मिनिटं काम झाल्यावर लगेच पुन्हा चालवावा. दुसऱ्यांदा जास्त वेळ लागला, तर दुसरा आकडा धरावा. मी हे केलं नाही. पंखा घोंघावत होता, तरी तसाच झोपलो.

पावणेचार तासांचं काम चार तास वीस मिनिटं चाललं. पेनड्राइव्ह वेळेवर गेला.