बेरीज बरोबर, वाटणी चूक

सकाळी ८.३०

जतमध्ये एप्रिलचं ऊन साडेआठलाच शटरवर जाणवतं. दुकान उघडून मी हायड्रोमीटर धुतो आणि रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी मोजतो, तेवढ्यात फोन येतो. दवाखान्याच्या मॅडम बोलतात. दोन बॅटऱ्यांचा, म्हणजे २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे. दहा महिन्यांपूर्वी दोनपैकी एक बॅटरी गेली म्हणून तेवढीच नवी घातली होती. आता बॅकअप पाऊण तासावर आलाय. विकणाऱ्याने हायड्रोमीटर घालून पाहिलं आणि सांगितलं, नवीच खराब निघाली, जुनी चांगली आहे.

"वीज आहे का आत्ता?" मी विचारतो.

"आहे."

"मग काही बंद करू नका, चार्जिंग चालू राहू द्या. मी येतो."

बॅटरी बंद असताना सहसा साळसूद दिसते. तिचं खरं रूप चार्जिंग शेवटाला आल्यावर नाहीतर लोड चालू असताना कळतं. त्यातलं निम्मं काम तिथे आयतंच चालू होतं, ते मोडायचं नव्हतं.

सकाळी १०.००

जिन्याखाली ट्रॉलीवर दोन १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटऱ्या, मध्ये जोडवायर. म्हणजे सिरीज. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या. फरक फक्त वयाचा. जुनी पाच वर्षांची.

मी आधी दोन्हींचं मिळून व्होल्टेज मोजतो. २८.८, अगदी जिथे असायला हवं तिथे. इन्व्हर्टरचा चार्जर निर्दोष. आता एकेकीवर मीटर लावतो. जुनीवर १५.३, नवीवर १३.५.

मॅडम शेजारी उभ्या आहेत, त्यांनाही आकडे दिसतात. "मग जुनीच जास्त चार्ज होतेय की."

चार्ज होत नाही, उकळतेय. साधारण १४.४ च्या पुढे बॅटरीतलं पाणी फुटून वायू व्हायला लागतो. जुनीचं झाकण काढलं तर आत बुडबुड्यांचा आवाज येतो, बाजूला हात लावला तर चटका बसतो. पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. नवी गार पडलेली, बुडबुडा एक नाही. तिला १४.४ मिळायला हवे होते, मिळतायत १३.५.

याचं कारण समजायला अवघड नाही. जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरलेलं असतं, काही माल झडून तळाला बसलेला असतो. तिच्यात थोडाच प्रवाह मावतो आणि तिचं व्होल्टेज लवकर चढतं. चार्जर मात्र दोन टोकांच्या मध्ये बसलेला. त्याला फक्त बेरीज दिसते, वाटणी दिसत नाही. जुनीने १५.३ घेतले की २८.८ पैकी उरले ते नवीचे. बेरीज भरली म्हणून चार्जर प्रवाह कमी करतो, तो फार कमी झाला की काम झालं समजून फ्लोटवर जातो. सिरीजमध्ये दोघींतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे जुनीसाठी हात आखडला तो नवीसाठीही आखडला. वीज सलग दोन दिवस राहिली तर त्या बारीक प्रवाहावर नवी कदाचित भरेलही. आमच्याकडे ती तेवढी राहत नाही. रोज दोनचार टक्के कमी भरायचं, तसंच वापरायचं, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट व्हायचं. जुनीचा रोग असा नवीला लागतो. एकीला जास्त मिळून ती मरते, दुसरी उपाशी राहून.

आता ग्रॅव्हिटी. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलरची साधारण १२५० यावी. नवीचे सहाही सेल ११९० च्या आसपास, एकसारखे. जुनीचे १२३५. विकणारा इथेच फसला. जुनीतलं पाणी उडालंय आणि ॲसिड तेवढंच राहिलंय, म्हणून द्रावण घट्ट झालंय. पाणी भरून, चार्जिंग करून मोजलं असतं तर हा आकडा टिकला नसता. उलट नवीचे सहाही सेल सारखेच खाली आहेत, ही चांगली खूण आहे. खराब बॅटरीत बहुधा एखादाच सेल इतरांपेक्षा खाली पडतो. सगळे मिळून खाली असतील तर ती उपाशी आहे, आजारी नाही.

सकाळी १०.४५

आता लोडवर. मॅडमच्या परवानगीने मेन बंद करतो. पंखे, दिवे, संगणक, औषधांचा छोटा फ्रीज. क्लॅम्प मीटर २० अँपिअर दाखवतो. चाळीसाव्या मिनिटाला इन्व्हर्टर ओरडायला लागतो. त्या क्षणी नवीवर ११.९, जुनीवर ९.३. बेरीज २१.२.

एकटी बॅटरी असती तर १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरने १०.५ ला हात वर केले असते आणि जुनी तिथेच वाचली असती. इथे नवी ११.९ वर उभी राहून बेरीज सावरते, म्हणून इन्व्हर्टर २१ येईपर्यंत ओढत राहतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल. ९.३ वर सहाही सारखे उतरलेले नसतात, एखादा जवळजवळ शून्यावर असतो. तरीही प्रवाह चालू राहिला तर तो सेल उलटा चार्ज व्हायला लागतो. तिथून तो परत येत नाही.

मॅडमचे वडील खुर्चीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हाताऱ्या बैलाबरोबर खोंड जुंपला की हेच व्हायचं." म्हण जवळची आहे, पण निम्मीच लागू पडते. बैल दमला तर मागे राहतो, जू तिरकं होतं, आणि ते हाकणाऱ्याला दिसतं. सिरीजमध्ये मागे राहायची सोय नाही. दोघींना तेवढाच प्रवाह द्यावा लागतो, आणि हाकणाऱ्याला काहीच दिसत नाही.

निगेटिव्ह आधी, मग पॉझिटिव्ह, मग मधली जोडवायर काढून मी आणि मदतनीस नवी बॅटरी दुकानात न्यायला उचलतो. ॲसिडसकट पन्नास-साठ किलो. हातातलं घड्याळ काढायला मदतनिसाला आजही सांगावं लागतं.

"बॅलन्सर म्हणून मिळतो तो लावला तर?" मॅडम विचारतात. त्यांनी वाचलेलं दिसतं. दोन्ही बॅटऱ्या धडधाकट असतील आणि थोडासाच फरक पडत असेल तर तो उपयोगी आहे. प्लेटांवरचा झडलेला माल तो परत आणत नाही.

दुपारी १.००

डबा उघडायच्या आत शिकवणीवाले सर. त्यांच्याकडे एका बॅटरीचा इन्व्हर्टर, बॅटरी तीन वर्षांची. उन्हाळी वर्ग लांबलेत म्हणून आणखी एक नवी १५० घेऊन ठेवलीय. "पॅरललमध्ये तर व्होल्टेज दोघींना सारखंच मिळतं, मग काय अडचण?"

प्रश्न बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर जुनी निरोगी असेल तर पॅरलल सिरीजइतकं घातक नाही. कोणी उपाशी राहत नाही. पण प्रवाहाची वाटणी आतल्या अवरोधावर ठरते. नवीचा अवरोध कमी, म्हणून लोड आला की मोठा वाटा ती उचलते, जुनी नंतर हळूहळू सामील होते. रोज जास्त राबते ती नवी, आणि झिजतेही तीच.

खरी भीती वेगळी आहे, ती बघायला त्यांच्या घरी जातो. जुनीचं व्होल्टेज १२.३, मीटरवर बरं दिसतं. ग्रॅव्हिटी मात्र पाच सेलची १२३० आणि चौथ्याची ११३०. तो सेल आतून शॉर्ट व्हायच्या वाटेवर आहे. तळाचा गाळ प्लेटांना टेकला की असं होतं. तो पूर्ण गेला की ही बारा व्होल्टची बॅटरी राहणार नाही, पाच सेलची राहील. शेजारी सहा सेलची नवी. वीज असताना फ्लोटचे १३.७ पाच सेलवर पडले की प्रत्येकाला २.७४ मिळतात, म्हणजे दिवसरात्र उकळणं. वीज गेली की नवी स्वतः रिकामी होत जुनीला भरत बसते, दिवा एकही न लावता. सिरीजमध्ये असं बिघडलं तर बॅकअप जातो. पॅरललमध्ये बॅटरी तापते, फुगते, आणि हायड्रोजन साचलेल्या खोलीत ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सरांच्या इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअरचा. एका १५० ला तो बरोबर दहावा हिस्सा. दोन बॅटऱ्यांत तो वाटला तर साडेसात-साडेसात, म्हणजे अगदी दोन नव्या लावल्या तरी भारनियमनात त्या धड भरणार नाहीत.

सरांची नवी अजून वापरलेली नाही. मी सुचवतो, दुकानात परत देऊन २०० ची एकच घ्या. चार्जर थोडा जास्त वेळ घेईल, पण भरेल. जुनी भंगारात द्या. त्यांना जुनीचा मोह सुटत नाही, पण चौथा सेल मी त्यांनाच हायड्रोमीटरने मोजायला लावला होता.

दुपारी ४.००

दवाखान्याची नवी बॅटरी टेबलावर, एकटी, १३ अँपिअरवर दुपारपासून. ग्रॅव्हिटी १२०० च. मदतनीस म्हणतो, "दादा, ही काही चढत नाही. गेलेलीच दिसते." थांब म्हणतो. चार्जिंगमध्ये तयार होणारं घट्ट ॲसिड जड असतं, ते खाली राहतं. आपली पिचकारी वरचं ओढते. बुडबुडे सुरू होऊन ढवळल्याशिवाय वरचा आकडा हलत नाही.

संध्याकाळी ७.३०

१४.५ व्होल्ट, सहाही सेलमध्ये बुडबुडे, ग्रॅव्हिटी १२२५. रात्री कमी प्रवाहावर ठेवणार आहे, सकाळी पुन्हा मोजणार. मग लोड लावून १०.५ पर्यंत किती तास चालते ते पाहीन. दहा महिने उपाशी राहिलेली बॅटरी शंभर टक्के परत येईल असं मी मॅडमना सांगितलेलं नाही. वॉरंटीचा उपयोगही नाही. कंपनीचा माणूस ती भरून तपासेल आणि ठीक आहे म्हणेल, आणि त्याचं म्हणणं चूक नसेल.

सल्ला फोनवर देतो. दवाखान्याला दोन नव्या, एकाच मॉडेलच्या, शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या. बसवण्याआधी त्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून देईन, सुरुवातच असमान नको. ही दहा महिन्यांची बॅटरी त्यांच्या घरच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर. तिथे तिला जोडीदार नाही, चार्जरचे सगळे व्होल्ट तिचेच.

"एकच नवी घेऊन हिच्याशी जोडली तर नाही चालणार?"

वयात सहा महिन्यांच्या आतला फरक आणि चाचणीत दोघींचे तास जवळजवळ सारखे, तर मी जोडतो. हिच्याबाबतीत पहिलीच अट पुरी होत नाही.

तुमच्या घरी दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असेल तर एक करा. रात्रभर वीज असलेल्या सकाळी, चार्जिंग चालू असताना, दोन्हींवर वेगवेगळा मीटर लावा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला असेल तर एक बॅटरी बदलून घ्या म्हणणाऱ्याला आधी तो आकडा दाखवा.