इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या पदरात?

आपल्या आतड्यातला ई. कोलाय ग्लुकोज फोडतो तेव्हा सुटणारे इलेक्ट्रॉन कोणाच्या तरी पदरात टाकावेच लागतात. ऑक्सिजन असला तर तोच ते घेतो, पाणी बनतं आणि ऊर्जा सर्वांत जास्त मिळते. ऑक्सिजन नसला, पण नायट्रेट असलं, तरी श्वसन चालूच राहतं. नायट्रेटचं नायट्राइट होतं, ऊर्जा मात्र कमी. प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसतं: नळीत दोन अभिकर्मकांचे थेंब टाकले की नायट्राइटमुळे द्रव लाल होतो. लाल झाला नाही, तर चिमूटभर जस्ताची पूड टाकावी. आता लाली आली, तर नायट्रेट तसंच पडून होतं. बाहेरचा घेणाराच नसेल तर उरतं किण्वन. ग्लुकोजच्याच तुकड्यांवर इलेक्ट्रॉन परत लादले जातात, लॅक्टिक आम्ल नि इथेनॉल बनतं. एका ग्लुकोजमागे जेमतेम 2-3 एटीपी हाती लागतात.