गिझरचा नॉब कुठे ठेवावा?

गरम पाण्याने किती भाजेल, हे पाणी किती तापलं आहे आणि ते अंगावर किती वेळ राहिलं यावर ठरतं. मोठ्या माणसाची त्वचा ५० अंश सेल्सिअसच्या पाण्याने खोलवर भाजायला साधारण पाच मिनिटं लागतात. ५५ अंशांना त्यासाठी अर्धा मिनिट पुरतो, ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद आणि ७० अंशांना एक सेकंदसुद्धा लागत नाही. लहान मुलांची त्वचा पातळ असल्यामुळे त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. त्यातच चुकून गरम पाण्याचा नळ उघडला, तर दोन वर्षांच्या मुलाला पटकन बाजूला होणंही जमत नाही.

आपल्याकडच्या साठवणीच्या गिझरमध्ये नॉब शेवटपर्यंत फिरवला, की पाणी ७० ते ७५ अंशांपर्यंत तापू शकतं. अनेक घरांत तो बसवल्या दिवसापासून तिथेच असतो.

हे तापमान उतरवल्याने काय साधतं, ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात दिसलं. नवे वॉटर हीटर ४९ अंशांवर लावूनच द्यावेत, असा कायदा तिथे १९८३ मध्ये झाला. १९७७ मध्ये पाहणी केलेल्या घरांपैकी ८० टक्के घरांत नळाचं पाणी ५४ अंशांहून गरम होतं. १९८८ मध्ये ७७ टक्के घरांत ते त्याखाली आलेलं आढळलं. नळाच्या पाण्याने भाजून सिएटलच्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या मुलांचं वर्षाचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं.

म्हणून लहान मुलं असलेल्या घरात ५० अंश हे लक्ष्य ठेवावं. पण त्याहून फार खाली जाऊ नये. २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला हे जिवाणू वाढतात. ५० अंशांना त्यांची वाढ थांबते, पण ते मरायला ६० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. गिझर बरेच दिवस बंद राहिला असेल, तर मुलं बाथरूममध्ये नसताना एकदा पाणी पूर्ण तापवून सोडून द्यावं आणि नॉब परत खाली आणावा.

आता विजेचा हिशेब. समजा, पुण्यातल्या हिवाळ्यात टाकीचं पाणी २० अंश आहे आणि घरात १५ लिटरचा गिझर आहे. ते सगळं पाणी ७५ अंशांपर्यंत न्यायला जवळपास एक युनिट लागतं, ५० अंशांसाठी अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त. पण हा सगळा फरक बचतीचा नसतो. बादलीतल्या ३८ अंशांच्या पाण्याला लागणारी उष्णता दोन्ही वेळा सारखीच. ७५ अंशांचं पाणी कमी घ्यावं लागतं, इतकंच. खरी बचत आंघोळीनंतर गिझरमध्ये उरून निवणाऱ्या पाण्यात आहे. बाथरूम २५ अंशांचं असेल, तर ७५ ऐवजी ५० अंशांवर ठेवलेल्या टाकीतून निम्मीच उष्णता बाहेर जाते. मात्र १५ लिटरमधून आंघोळीचं पाणी ४५ ऐवजी २५ लिटरच मिळतं. घरात माणसं जास्त असतील, तर दोन आंघोळींमध्ये थोडं थांबावं लागेल.

नॉबवर बहुधा आकडे नसतात, म्हणून पाणी मोजावंच लागतं. गिझरचा लाइट गेला, की गरम नळ थोडा वेळ सोडून स्टीलच्या ग्लासात पाणी घ्यावं आणि स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मोजावं. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ४२-४३ अंशांपलीकडे दाखवत नाही. नॉब थोडा उतरवावा, पाणी पुन्हा तापू द्यावं आणि परत मोजावं. नॉब बाहेर नसून झाकणाखाली असेल, तर ते काम इलेक्ट्रिशियनचं आहे.

लाइट जातच नसेल, नळातून वाफ येत असेल किंवा पाणी उकळल्याचा आवाज येत असेल, तर थर्मोस्टॅट चिकटला असण्याची शक्यता असते. गिझर लगेच बंद करून दुरुस्त करून घ्यावा. नॉब फिरवून हा दोष जात नाही.

पाणी ५० अंशांचं असलं, तरी ते मुलाच्या आंघोळीचं नाही. बादलीत आधी गार पाणी घ्यावं, मग गरम सोडावं, ढवळावं आणि कोपराने अंदाज घ्यावा. मुलाला ३७-३८ अंश पुरतात. बादली भरत असताना त्याला एकटं सोडू नये.

तरीही पोळलंच, तर कपडे लगेच काढावेत, पण कातडीला चिकटलेले ओढू नयेत. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं साधं पाणी सोडावं आणि बाकीचं अंग उबदार ठेवावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. चेहरा, हात किंवा जननेंद्रियं भाजली असतील, फोड आले असतील किंवा मूल तान्हं असेल, तर जखम स्वच्छ कापडाने झाकून तडक डॉक्टरांकडे न्यावं.