मूळ कागद कुठला?

4 सप्टेंबर 2019 रोजी व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकारांना एक मोठा छापील नकाशा दाखवला. 'डोरियन' हे चक्रीवादळ पुढच्या पाच दिवसांत कुठून कुठे जाईल, याचा अंदाज त्यावर होता. वादळाचा संभाव्य मार्ग दाखवणारा पांढरा पट्टा समुद्रावरून येऊन फ्लोरिडावर पसरला होता. त्या पट्ट्याच्या टोकाला मात्र काळ्या मार्करची एक कमान जोडलेली होती आणि ती शेजारच्या अलाबामा राज्यात शिरत होती.

तीन दिवसांपूर्वी ट्रम्प यांनी ट्विटरवर लिहिलं होतं की, वादळाचा फटका बसणाऱ्या राज्यांत अलाबामाही असेल. त्यानंतर वीसेक मिनिटांतच राष्ट्रीय हवामान सेवेच्या अलाबामातल्या बर्मिंगहॅम कार्यालयानं कळवलं, की डोरियनचा अलाबामावर काहीही परिणाम होणार नाही. आता नकाशात अलाबामा दिसत होतं. मार्कर कुणी फिरवला, असं विचारल्यावर 'मला माहीत नाही' असं उत्तर मिळालं.

आपल्या फोनवर रोज येणारे तक्ते आणि नकाशे इतके ढोबळपणे रंगवलेले नसतात. तरीही त्यांची तपासणी कशी करायची, हे शिकायला डोरियनच्या नकाशाइतकं चांगलं उदाहरण नाही. काळी कमान संशयास्पद आहे हे डोळ्यांना दिसतं, पण मूळ नकाशा समोर ठेवल्याशिवाय ते सिद्ध होत नाही. आणि बहुतेक लोक चुकतात ते नेमके इथे. ते मूळ म्हणून भलताच कागद उचलतात.

अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळ चालू असताना दर सहा तासांनी नवं पत्रक काढतं आणि प्रत्येक पत्रकासोबत नवा नकाशा निघतो. नकाशाच्या चौकटीत वादळाचं नाव, तारीख, वेळ आणि पत्रकाचा क्रमांक छापलेला असतो. त्या क्षणी वादळाचा केंद्रबिंदू कुठे होता, वारा किती होता आणि वादळ कोणत्या दिशेला सरकत होतं, हेही तिथेच असतं. व्हाइट हाऊसमधला नकाशा होता 29 ऑगस्टच्या सकाळी 11 वाजताचा, म्हणजे दाखवला तेव्हा सहा दिवस शिळा. त्या सहा दिवसांत चोवीसेक नवे नकाशे निघाले होते. वादळ बहामा बेटांना झोडपून उत्तरेकडे, किनाऱ्याला समांतर वळलं होतं.

समजा, कुणी 4 सप्टेंबरचा ताजा नकाशा काढून त्या छापील नकाशाशेजारी ठेवला असता. दोन्ही पूर्णपणे वेगळे दिसले असते. पण त्यातून फक्त अंदाज बदलला एवढंच कळलं असतं, नकाशात फेरफार झाला की नाही ते कळलं नसतं. त्यासाठी 29 ऑगस्टच्या 11 वाजताचाच नकाशा हवा. तो nhc.noaa.gov या संकेतस्थळावर जुन्या वादळांच्या संग्रहात मिळतो: आधी वर्ष, मग वादळाचं नाव, मग नकाशांची मालिका. तारीख, वेळ आणि वाऱ्याचा वेग जुळला, की आपण योग्य आवृत्तीवर पोहोचलो. मग पांढऱ्या पट्ट्याची कड बोटानं माग काढत पाहायची. मूळ नकाशात ती कड काळ्या कमानीच्या अलीकडेच संपते. सूचीतही हातानं काढलेल्या काळ्या रेषेला काही अर्थ दिलेला नाही. म्हणजे ती रेष नंतरची.

या प्रकरणात एक खाचही आहे. ट्रम्प यांच्या बाजूनं सांगितलं गेलं, की सरकारी नकाशांत अलाबामा होतंच. ते अगदीच खोटं नव्हतं. हरिकेन केंद्र आणखी एक नकाशा काढतं, वादळी वाऱ्यांची शक्यता टक्क्यांत दाखवणारा. त्या दिवसांतल्या काही नकाशांत अलाबामाच्या एका कोपऱ्यावर अगदी कमी शक्यतेचा रंग होता. पण तो नकाशा वेगळी गोष्ट मोजतो. पांढरा पट्टा वादळाचं केंद्र कुठे जाऊ शकतं ते सांगतो. मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले ते पाहून त्याची रुंदी ठरते, आणि साधारण तीनपैकी दोन वेळा केंद्र त्या पट्ट्यात राहील असा त्याचा अर्थ असतो. एका नकाशातली गोष्ट दुसऱ्या नकाशावर काढता येत नाही.

एवढ्यावरून दोन प्रश्न हाती लागतात. समोरचं चित्र कोणत्या आवृत्तीचं आहे? आणि ते नेमकं काय मोजतं? आता हेच दोन प्रश्न घराजवळच्या आकड्याला विचारू.

2021ची जनगणना लांबल्यामुळे 2011चे आकडे इतकी वर्षं फिरत राहिले. समजा, फोनवर राज्यांच्या साक्षरतेचा रंगीत तक्ता आला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'स्रोत: जनगणना 2011'. त्यात महाराष्ट्रापुढे 82.91 टक्के आहे. तुम्ही दुसरीकडे पाहता तर 82.34. तिसऱ्या एका तक्त्यात चक्क 72.6. कुणीतरी आकडे फिरवले, असं लगेच म्हणावंसं वाटतं.

यातला एकही आकडा फिरवलेला नाही.

82.91 हा मार्च-एप्रिल 2011 मध्ये जाहीर झालेल्या तात्पुरत्या निकालातला आकडा आहे. गणना संपल्याबरोबर पहिली बेरीज करून तो काढला गेला. सगळे अर्ज तपासून अंतिम आकडे 2013 मध्ये आले, तेव्हा महाराष्ट्राची साक्षरता 82.34 ठरली. बिहारचा आकडा तर 63.82 वरून 61.80 वर आला. शाळेच्या पुस्तकांत, स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि जुन्या बातम्यांत तात्पुरते आकडे तसेच राहून गेले. म्हणजे हा डोरियनच्या नकाशासारखाच आवृत्तीचा घोळ आहे.

72.6 चं कोडं सोडवायला मात्र मूळ तक्त्यापर्यंत जावं लागतं. जनगणनेच्या censusindia.gov.in या संकेतस्थळावर 'प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्ट' नावाची एक्सेल फाइल मिळते. तिच्यात टक्केवारी नसते, माणसांची मोजदाद असते. महाराष्ट्राच्या ओळीत आपल्याला तीनच रकाने हवेत. TOT_P म्हणजे एकूण लोकसंख्या, 11,23,74,333. P_06 म्हणजे सहा वर्षांपर्यंतची मुलं, 1,33,26,517. आणि P_LIT म्हणजे साक्षर माणसं, 8,15,54,290.

जनगणनेच्या हिशेबात सात वर्षांखालचं मूल अक्षरं ओळखत असलं तरी साक्षर धरत नाहीत. म्हणून भागायचं ते सात वर्षांवरच्या लोकसंख्येनं:

```
P_LIT / (TOT_P - P_06) * 100
```

उत्तर येतं 82.34. आता मुलं वजा न करता थेट एकूण लोकसंख्येनं भागा. उत्तर येतं 72.57. तक्ता बनवणाऱ्यानं हेच केलं होतं. आकडे मूळचेच, पण भाजक वेगळा घेतला. त्यानं सगळ्याच राज्यांना तो लावला असेल तर तक्ता निदान आपल्यापुरता खरा. पण महाराष्ट्र या हिशेबानं आणि केरळ त्या हिशेबानं मांडला असेल, तर ती दिशाभूल आहे. म्हणून एका राज्यावर थांबू नये, आणखी दोन ओळी त्याच सूत्रानं काढून पाहाव्यात.

मग खरोखर फिरवलेला आकडा कसा ओळखायचा? समजा, तक्त्यात महाराष्ट्रापुढे 92.34 आहे. तो तात्पुरत्या निकालात नाही, अंतिम निकालात नाही आणि कुठल्याही भाजकानं येत नाही. स्क्रीनशॉटवर एक अंक खोडून दुसरा बसवणं दोन मिनिटांचं काम आहे. पण असं करणारा माणूस बहुधा स्तंभ बदलायचं विसरतो. तेव्हा पट्टी घ्या आणि स्तंभ मोजा. केरळचा आकडा 94, बिहारचा 61.8. स्तंभ शून्यापासून सुरू होत असतील आणि केरळचा स्तंभ 94 मिलिमीटर भरला, तर बिहारचा 62 आणि महाराष्ट्राचा 82 च्या आसपास भरायला हवा. आकडा 92 म्हणतोय आणि स्तंभ 82, तर स्तंभ खरं बोलतोय.

काही तक्त्यांत स्तंभ शून्याऐवजी 50 पासून सुरू केलेले असतात. तिथे लांबीची तुलना फसवते, पण लांबीतल्या फरकांची तुलना फसवत नाही. केरळ आणि बिहार यांच्यातलं अंतर 32.2 टक्क्यांचं, केरळ आणि महाराष्ट्र यांच्यातलं 11.66 चं. म्हणजे स्तंभांच्या टोकांतलं दुसरं अंतर पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडंसं जास्त दिसायला हवं. सुरुवात कुठूनही असली तरी हे प्रमाण टिकतं. अर्थात, कुणी खोटा आकडा घालून पूर्ण तक्ताच नव्यानं काढला असेल तर पट्टी काही सांगणार नाही. तिथे मूळ फाइलच उघडावी लागते.

चित्रावरून चित्र शोधायची सोय फोनवर असते. तिचा उपयोगही नीट ओळखून करावा. तेच चित्र पूर्वी कुठे आलं होतं, हे ती दाखवते. कधी कधी न खोडलेली जुनी प्रत तिथे सापडते आणि काम झटकन होतं. पण तेच चित्र पन्नास ठिकाणी सापडलं म्हणून ते खरं ठरत नाही. पन्नास जणांनी एकाच जागेवरून उचललेलं असू शकतं. 'स्रोत: सरकारी आकडेवारी' एवढंच लिहिलेलं असेल, तर स्रोत दिलेलाच नाही असं धरावं. खात्याचं नाव, वर्ष आणि तक्त्याचं नाव असेल तरच माग काढता येतो.

हे सगळं कोकणातल्या वाचकांच्या फार जवळचं आहे. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. अशा वेळी आपलं हवामान खातंही तारीख आणि वेळ घातलेली पत्रकं एकामागून एक काढतं, आणि त्यांतले नकाशे तारखेची ओळ कापून फिरू लागतात. ती ओळ नसलेला नकाशा पाहून होडी किनाऱ्याला ओढायची की नाही हे ठरवू नये. mausam.imd.gov.in वर ताजं पत्रक पाहून ठरवावं.

तपासणीचा निकाल सांगताना शब्द जपून वापरावा. मूळ आवृत्तीशी ताडल्यावर फरक दिसला तरच 'बदललेला' म्हणा. आवृत्ती जुनी असेल तर 'जुना' म्हणा, हिशेब वेगळा असेल तर 'वेगळ्या मापाचा' म्हणा. आणि मूळ कागद सापडलाच नाही, तर 'सापडला नाही' एवढंच म्हणून तो तक्ता पुढे न पाठवता तिथेच ठेवून द्या.