नव्या विद्यार्थिनीचा पहिला तास

जून महिन्यात जो विद्यार्थी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत येतो, त्याचे नवखेपण तितकेसे उठून दिसत नाही. कारण त्या दिवसांत वर्गाच्या तुकड्या बदललेल्या असतात, बाकांवरील जागा ठरलेल्या नसतात, वर्गशिक्षकही बहुधा नवे असतात, आणि त्या सार्वत्रिक अस्थिरतेत एका मुलाची अस्थिरता सहज सामावून जाते. परंतु दिवाळीच्या सुट्टीनंतर, द्वितीय सत्राच्या पहिल्या दिवशी जी मुलगी सातवीच्या वर्गाच्या दारात उभी राहते, तिच्या वाट्याला आलेले एकाकीपण निराळ्या जातीचे असते. त्या वर्गात सर्वांचे सर्व ठरून गेलेले आहे. कोण कोणाशेजारी बसतो, कोणाचा डबा कोणाबरोबर उघडतो, कोणत्या शिक्षकांच्या तासाला कोणती वही बाकावर असावी लागते, हे चाळीस मुलांना न सांगता कळते आणि तिला एकटीलाच कळत नाही. माझ्या मते पहिल्या तासातील दुःखाचा मोठा भाग मैत्रीच्या अभावातून येत नसून अशा बारीकसारीक रिवाजांच्या अज्ञानातून येतो. आणि म्हणूनच त्याचे निवारण करण्यास सर्वांत योग्य व्यक्ती, मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षक यांच्याहूनही अधिक, ती वर्गप्रमुख होय, जिला मुले मॉनिटर म्हणतात.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग कल्पू. मुलगी सांगलीकडील एका तालुक्याच्या गावातली. वडील बँकेत, त्यांच्या बदलीचा हुकूम ऐन दिवाळीत आला आणि कुटुंब अमरावतीस येऊन दाखल झाले. जुन्या शाळेचा दाखला अजून हाती आलेला नाही. तो नाही म्हणून तिला घरी बसवता येत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांच्या शिक्षणहक्काचा जो अधिनियम 2009 साली झाला, त्याच्या पाचव्या कलमात मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा असे सांगितले आहे, आणि तो सादर करण्यास विलंब झाला एवढ्यावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवू अथवा नाकारू नये, असेही स्पष्ट केले आहे. तरतूद उत्तम आहे. परंतु तिचा एक परिणाम असा की मुलगी वर्गात येऊन बसते तेव्हा कार्यालयातील कागद बहुधा तिच्या मागे राहिलेले असतात, आणि हजेरीपटावर तिचे नाव अद्याप चढलेले नसते. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येईन.

शाळा अकराची आहे असे धरू. वर्गप्रमुख मुलीने पावणेअकराला फाटकाजवळ असावे, कार्यालयाच्या दारात नव्हे. कारण कार्यालयाच्या दारात वडील सोबत असतात, आणि पित्यासमोर बारा वर्षांची मुलगी आपले भय कधीच दाखवीत नाही. बोलणे थोडके असावे. "अगं, तू सातवीतली नवी ना? मी मॉनिटर. चल, आधी दप्तर ठेवू." एवढ्यात तीन गोष्टी साधल्या जातात: आपली वाट कोणीतरी पाहत होते हे तिला कळते, बोलणारी कोण हे कळते, आणि लगेच करण्यासारखे एक काम तिला मिळते. याउलट "कुठून आलीस, मध्येच का आलीस, जुनी शाळा का सोडलीस" ही पृच्छा, ती कितीही निर्मळ कुतूहलाने केलेली असली तरी, पहिल्या तासात वर्ज्य मानावी. वर्षाच्या मध्यावर शाळा बदलण्यामागे नेहमी वडिलांची बदलीच असते असे नाही. कधी घरात मृत्यू झालेला असतो, कधी आईवडील विभक्त झालेले असतात, कधी कर्जापायी गाव सोडावे लागलेले असते. दहा जणांच्या घोळक्यात त्याचे उत्तर देणे भाग पडले की त्या मुलीला खोटे बोलावे लागते किंवा रडावे लागते.

विचारण्याजोगा एक प्रश्न मात्र आहे, आणि तो फार उपयोगी आहे: "तुमच्याकडे मराठीचा कितवा धडा झाला?" बालभारती ही पाठ्यपुस्तकांची संस्था 1967 साली पुण्यात स्थापन झाली, आणि तिची पुस्तके राज्यभरातील शाळांतून चालत असल्यामुळे सांगलीची मुलगी आणि अमरावतीची मुलगी यांच्या दप्तरांत मराठीचे तेच पुस्तक असते. हा प्रश्न नव्या मुलीच्या परक्या भूतकाळाकडे बोट दाखवीत नाही. उलट जे दोघींचे समान आहे त्यावर बोट ठेवतो, आणि त्याचे उत्तर देताना ती माहीतगार असते. कदाचित तिचे दोन धडे अधिक झालेले निघतील. तसे निघाले तर वर्गप्रमुखाने ते मनात ठेवावे, कारण पहिल्या तासाला शिक्षकांनी त्याच धड्यावर काही विचारले तर हात वर करण्यास हळूच सुचवता येईल.

दप्तर कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न ती येण्याआधीच निकालात निघालेला असावा. सत्राच्या मध्यावर वर्गात रिकामी जागा बहुधा शेवटच्या बाकावर असते, आणि तजवीज केली नाही तर नवागताची रवानगी आपोआप तेथेच होते. तेथून तिला सर्वांच्या पाठी दिसतात आणि वळून पाहणारे चेहरे दिसतात, याखेरीज काही दिसत नाही. अगदी पहिला बाकही बरा नव्हे, कारण तेथे पुढे कोणी नसल्यामुळे इतर काय करीत आहेत हे पाहून करण्याची सोय उरत नाही. दुसरा किंवा तिसरा बाक उत्तम. त्यासाठी कोणातरी एकीला मागे सरकावे लागते, आणि ते वर्गशिक्षकांच्या परवानगीने, त्या दिवशी सकाळी, नवी मुलगी वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी व्हावे; तिच्या देखत एखादीला उठवले तर तिच्या आगमनाची पहिली नोंद एका वर्गभगिनीच्या नाराजीत होते.

परिपाठाची घंटा होण्याआधी दोन जागा दाखवाव्यात: पाण्याचा नळ आणि मुलींचे स्वच्छतागृह. या दोन जागा विचारण्याचा संकोच इतका प्रबळ असतो की कित्येक मुली पहिला संपूर्ण दिवस पाणी न पिता काढतात. त्यानंतर मैदानावरील रांग. बहुतेक शाळांत रांग उंचीप्रमाणे लागते, आणि प्रत्येक मुलीला आपल्या पुढची व मागची पाठ असते. नव्या मुलीला ती रांग म्हणजे कोठेही फट नसलेली भिंत वाटते. वर्गप्रमुखाने आधीच दोघींना सांगून ठेवावे की हिच्यासाठी येथे जागा करा. मग हळूच आणखी एक सांगावे: "राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा तुला येतेच; प्रार्थना मात्र आमची वेगळी आहे, नुसती ऐकलीस तरी चालते." हे वाक्य फार मोलाचे आहे. प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली तेलुगूत लिहिली आणि पुढे ती देशातील शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. ती म्हणताना, हात पुढे करून उभ्या असलेल्या त्या शेकडो मुलांत ही मुलगी कोणाहून निराळी राहत नाही. परंतु शाळेची स्वतःची प्रार्थना सुरू झाली आणि सर्वांचे ओठ हलत असताना आपले एकटीचे मिटलेले राहिले, की नवखेपण उघडे पडते. ते घडणार आहे हे आधी ठाऊक असले तर ते बोचत नाही.

आता हजेरी. प्रथम मुलांची नावे, मग मुलींची, असा अनेक शाळांत क्रम असतो. प्रत्येक नावाला "हजर" असा प्रतिसाद येतो, आणि नवी मुलगी आपले नाव कधी येते म्हणून श्वास रोखून ऐकत असते. दाखला आला नाही म्हणून, किंवा कारकुनाने नाव अद्याप कळवले नाही म्हणून, यादी संपते आणि पट मिटतो. त्या क्षणी तिला जे वाटते त्याची कल्पना पटावर नेहमीच नाव असलेल्यांना येणे कठीण आहे. वर्गप्रमुखाने दोन गोष्टी कराव्यात: हजेरीपट आणून टेबलावर ठेवतानाच, नवी मुलगी आली आहे आणि ती अमुक बाकावर आहे, हे शिक्षकांना सांगावे, आणि तिलाही आधी सांगावे की नवे नाव नेहमी यादीच्या शेवटी चढते, आज घेतले गेले नाही तरी घाबरू नकोस.

भाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो. सांगली-कोल्हापूरकडे मुलीही "मी आलो, मी गेलो" असे सर्रास बोलतात. अमरावतीच्या वर्गात ते ऐकताच हशा पिकण्याचा संभव मोठा. शिक्षकांनी नाव विचारले आणि ती म्हणाली, "सर, मी सांगलीवरनं आलो", की मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि एकदा ती पिकली की पुढचे कित्येक दिवस ती मुलगी तोंड उघडत नाही. अशा वेळी वर्गप्रमुखापाशी एक शस्त्र असते: बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा अधिकार. ते येथे वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. नवी मुलगी तक्रारीचे निमित्त झाली की हसणारे तिच्यावर डूख धरतात. त्याऐवजी आधीच हसऱ्या टोळीतील प्रमुख दोघा-तिघांना विश्वासात घेऊन सांगावे की तिकडे असेच बोलतात, आणि आपले वऱ्हाडी बोलणे सांगलीच्या वर्गात नेले तर तेथेही हसतील. मुलांना न्याय चटकन कळतो. फक्त तो हसू फुटण्याच्या आधी सांगावा लागतो.

उपाय लागू पडत आहे की नाही हे ओळखण्याच्या खुणा आहेत. दप्तर मांडीवर घट्ट धरलेले असणे, प्रत्येक गोष्टीला केवळ "हो" म्हणणे, पाण्याला चल म्हटले तर नको म्हणणे, ही अजून भय असल्याची लक्षणे. दप्तर बाकाखाली गेले आणि तिने आपणहून पहिला प्रश्न विचारला, मग तो "ही वही दुरेघी लागते का?" इतका साधा का असेना, की पहिला तास पार पडला असे समजावे. ती रडू लागली किंवा पोटात दुखते म्हणाली, तर मात्र वर्गप्रमुखाने समजूत घालीत बसू नये, शिक्षकांना सांगावे. तिच्या अधिकाराची आणि वयाची मर्यादा तेथे संपते.

दुसरी मर्यादा वेळेची. खडू-डस्टर, हजेरी, गृहपाठाच्या वह्या गोळा करणे, या कामांमुळे वर्गप्रमुखाला दिवसभर एकीपाशी बसता येत नाही, आणि बसूही नये. जिची मैत्रीण केवळ मॉनिटर आहे, ती मुलगी वर्गात पुन्हा एकटीच पडते. म्हणून पहिला तास संपण्याच्या सुमारास तिला शेजारणीच्या हवाली करावे, आणि ती शेजारीण निवडताना गुणांपेक्षा वाट पाहावी: घरी जाण्याचा रस्ता जिचा तोच आहे, तिच्याशेजारी बसवलेली मुलगी मधल्या सुट्टीत आणि संध्याकाळीही एकटी राहत नाही.

वर्गशिक्षकांना माझी एक विनंती आहे. नवा विद्यार्थी येणार असल्याचे कार्यालयाकडून कळताच, त्याच दिवशी वर्गप्रमुखाला बोलावून नाव, गाव, राहण्याचा भाग आणि बसण्याचा बाक एवढे चार तपशील सांगावेत. आणि कागद आलेले नसले तरी एका चिठ्ठीवर ते नाव लिहून ती चिठ्ठी हजेरीपटात ठेवावी व यादी संपल्यावर तेही नाव मोठ्याने वाचावे.