पत्त्यात लिहिलेले गुपित

अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१३ च्या ऑक्टोबरात आरोग्यविमा निवडण्यासाठी healthcare.gov हे संकेतस्थळ सुरू केले. वय, उत्पन्न, धूम्रपान, गरोदरपण अशी माहिती भरली की परवडतील त्या योजनांची यादी समोर येई. जानेवारी २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसने बातमी दिली की ही माहिती जाहिरात कंपन्यांपर्यंत पोहोचते आहे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तपास केला, तेव्हा कोणी कुलूप फोडल्याची खूण सापडली नाही. माहिती पानाच्या पत्त्यातच लिहिलेली होती. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नमुन्यात यादीच्या पत्त्याचे शेपूट असे होते:

```
?county=04019&age=40&smoker=1&parent=&pregnant=1
&mec=&zip=85601&state=AZ&income=35000&step=4
```

चाळिशीतली, ॲरिझोनातली, धूम्रपान करणारी, गरोदर आणि वर्षाला ३५ हजार डॉलर मिळवणारी व्यक्ती. एवढे चरित्र एका ओळीत मावते.

मजकूर पत्त्यात जातो कसा, हे कळायला अर्जाच्या घडणीकडे पाहावे लागते. एचटीएमएलमध्ये अर्ज लिहिताना दोन गोष्टी सांगता येतात: तो कुठे पाठवायचा आणि कोणत्या रीतीने. रीत मुख्यतः दोन, गेट आणि पोस्ट. गेटमध्ये प्रत्येक रकान्याचे नाव आणि त्यात टंकलेला मजकूर यांच्या जोड्या पत्त्याच्या शेवटी, प्रश्नचिन्हानंतर चिकटवल्या जातात. पोस्टमध्ये पत्ता कोरा राहतो आणि त्याच जोड्या विनंतीच्या पोटात, एका रिकाम्या ओळीनंतर जातात. मधल्या काही ओळी गाळल्या तर ती विनंती अशी दिसते:

```
POST /yojana HTTP/1.1

age=40&income=35000
```

रीत लिहायला विसरले तर ब्राउझर गेट धरून चालतो. म्हणजे आळसाचा कौल नेहमी उघड्या पत्त्याच्या बाजूने पडतो.

पत्त्याला कुलूप असले, म्हणजे तो https ने सुरू होत असला, की सारे सुरक्षित, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वाटेत बसलेल्या माणसाला, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला किंवा हॉटेलच्या वायफायवाल्याला, फार तर संकेतस्थळाचे नाव कळते. प्रश्नचिन्हानंतरचे काही वाचता येत नाही. धोका वाटेत नसून दोन्ही टोकांना आहे. आपल्या टोकाला ब्राउझरच्या इतिहासात तो पत्ता जसाच्या तसा जपला जातो आणि घरातल्या सामाईक संगणकावर पुढच्या माणसाला पहिली दोन अक्षरे टंकताच सुचवला जातो. पलीकडच्या टोकाला सर्व्हर प्रत्येक विनंतीचा पत्ता नोंदवहीत उतरवतो. विनंतीचे पोट ही नोंदवही सहसा उतरवत नाही. तिच्या प्रती देखभाल करणाऱ्यांच्या हाती फिरतात, आणि तिच्यात कोणाचे गरोदरपण आहे हे त्यांच्या ध्यानीही नसते.

तिसरी वाट मात्र खरी गमतीची. पानात जाहिरात कंपनीचे एखादे चित्र असले तर ब्राउझर ते मागायला तिच्या सर्व्हरकडे जातो, आणि जाताना आपण कोणत्या पानावरून आलो हेही सांगतो. या ओळीचे नाव `Referer`. इंग्रजी स्पेलिंगमधला एक आर प्रमाणग्रंथातच राहून गेला आणि तसाच रूढ झाला. पानाचा पत्ताच माहितीने भरलेला असेल, तर ती माहिती कोणी न मागता दारोदार पोहोचते. healthcare.gov च्या प्रकरणात तो पत्ता याही वाटेने गेला, आणि जाहिरातीच्या विनंतीच्या पत्त्यातही गुंफला गेला होता.

मग सगळीकडे पोस्टच का वापरू नये? कारण पत्त्यात मजकूर असणे कित्येकदा सोयीचे असते. ग्रंथालयाच्या सूचीत एखादा लेखक शोधला, तर निकालाचा दुवा मित्राला पाठवता येतो, खूण करून ठेवता येतो. गेट म्हणजे फक्त विचारणे. कितीही वेळा विचारले तरी पलीकडे काही बदलत नाही, असा संकेत आहे. पैसे भरणे, नाव नोंदवणे ही पोस्टची कामे, म्हणूनच ते पान पुन्हा उघडताना ब्राउझर ‘परत पाठवू का?’ म्हणून थांबतो. विमा शोधणे हे तांत्रिकदृष्ट्या निव्वळ विचारणेच. घोटाळा इथेच होतो: विचारणे निरुपद्रवी असले तरी विचारताना सांगितलेले तसे नसते.

पोस्ट म्हणजे मोहोरबंद लखोटा असेही नाही. साध्या http वर त्याचे पोट वाटेतल्या कोणालाही वाचता येते. आपल्याला परीक्षा सोपी आहे. अर्ज पाठवल्यावर पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे आपलीच उत्तरे दिसली, तर ती इतिहासात आणि बहुधा नोंदवहीतही गेली आहेत. काही दिसले नाही, तर एवढेच कळते की ती पत्त्यात नाहीत.

बातमीनंतर काही दिवसांतच अमेरिकी सरकारने ही गळती आवरती घेतली. २०२० पासून क्रोम आणि २०२१ पासून फायरफॉक्स परक्या संकेतस्थळाला `Referer` मध्ये, वेगळी सूचना नसेल तर, पूर्ण पत्ता न देता फक्त संकेतस्थळाचे नाव देतात. पण पानाच्या मालकानेच जाहिरात कंपनीचा प्रोग्राम पानात बसवला असेल, तर त्या प्रोग्रामला पत्ता वाचता येतो आणि रकान्यात टंकलेले अक्षरही, ‘पाठवा’ दाबण्यापूर्वीच. तिथे गेट काय अन् पोस्ट काय, दोन्ही सारखेच.