शेवटचा टाका

हुडकेश्वर येथील असो वा नागपुरातील अन्य कोणत्या भागातील असो, शिंप्याकडे दुरुस्तीस आलेली विजार निरखून पाहावी. पुष्कळदा तिचे कापड धड असते. परंतु खिशाचा कोपरा उसवलेला असतो, अथवा पट्टा अडकविण्याची लुप्पी निघालेली असते.

याचे कारण शिवणीच्या रचनेतच आहे. लांब शिवणीवर पडणारा ताण अनेक टाके वाटून घेतात. पण जेथे शिवण संपते, तेथे तो शेवटच्या टाक्यावर एकवटतो. खिशात हात घालताना दर वेळी त्याच टाक्याला हिसका बसतो. तो तुटला की भार शेजारच्या टाक्यावर येतो आणि शिवण उसवत जाते.

म्हणून जाणता कारागीर खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांशी बारटॅक घालतो. हाताने तो घालावयाचा असल्यास दुहेरी दोऱ्याने, तोंडाला आडवे, सुमारे १ सेंटिमीटर लांबीचे तीन-चार टाके एकमेकांलगत घ्यावेत. मग त्यांवरून दोरा गुंडाळीत न्यावा व प्रत्येक वेढ्यास सुईने खालचे थोडे कापडही उचलावे. अशी तयार झालेली दोऱ्याची दांडी ताण एका बिंदूवर न ठेवता आपल्या सर्व लांबीवर पसरविते.

मात्र टाके जितके दाट तितके बळकट, असे नाही. सुईच्या दाट छिद्रांनी कापड दुबळे होते व दांडीच्या कडेनेच फाटते. दोरा तुटून कापड शाबूत राहिले असेल, तर दोरा मजबूत हवा. दोरा शाबूत राहून कापड फाटले असेल, तर आतून जाड कापडाचे ठिगळ देऊन टाके विरळ घालावेत.

लुप्पीचेही असेच आहे. ३.५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी लुप्पी तयार झाल्यावर सुमारे ५ सेंटिमीटर असावी. तंग लुप्पीला चालताना सतत ओढ बसते. तिची दोन्ही टोके १ सेंटिमीटर आत दुमडून, कमरपट्टीच्या सर्व थरांतून बारटॅक घालावा. नाडीच्या पिशवीत नेफ्याचे तोंड जेथे संपते, तेथे नाडी ओढताच शिवण दोन्ही बाजूंस ताणली जाते. म्हणून तेथेही आडवा बारटॅक हवा.

हाच प्रश्न अमेरिकेतील नेवाडा राज्यात जेकब डेव्हिस या शिंप्यापुढे उभा राहिला होता. त्याने मजुरांच्या विजारींच्या खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या खिळ्या ठोकल्या. लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याच्या साह्याने १८७३ मध्ये त्याला या युक्तीचे एकस्व मिळाले. परंतु मागील खिशांवरील खिळ्या घोड्याच्या जिनावर व खुर्च्यांवर ओरखडे काढीत. त्यामुळे १९३७ मध्ये त्या कापडाखाली झाकण्यात आल्या आणि १९६६ मध्ये त्यांच्या जागी बारटॅक आले. धातूचे काम साध्या दोऱ्याने पार पाडले. फक्त तो योग्य जागी घातलेला होता.